फोन येण्याआधीचं पत्र

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटं मांडण्याआधी पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या. बाबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात होते, आई शाळेत शिकवायची, आणि संध्याकाळी दोघंही कुठल्या ना कुठल्या समितीत असायचे. बंद पडणारी शाळा, वाढलेलं बसभाडं, कंत्राटावरचे सफाई कामगार, ज्याची बाजू घ्यायची त्याचं पत्रक आधी आमच्या टेबलावर यायचं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं, असं आई पाहुण्यांना सांगते. त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

पत्रकाची एक गोष्ट मला लहानपणापासून फार आवडत आली आहे. ते सगळ्यांना सारखंच असतं. चहाच्या टपरीवर जे वाटलं तेच महापालिकेच्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायचं. अधिकाऱ्यासाठी मवाळ आणि टपरीसाठी जहाल अशा दोन आवृत्त्या काढायच्या नाहीत. ज्याला तोंड बघून मजकूर बदलावा लागतो त्याची बाजूच कच्ची आहे, असं मी समजत आले. अजूनही बऱ्याच बाबतींत समजते.

ही सगळी पार्श्वभूमी सांगायचं कारण म्हणजे एक नोकरी.

शाळांसाठी पुस्तकं आणि पाठ तयार करणाऱ्या एका कंपनीत मराठी विभागासाठी संपादक हवा होता. कामाचं वर्णन मी अर्ज करण्यापूर्वी इतक्यांदा वाचलं की त्यातलं इंग्रजीही मला पाठ झालं. मजकूर लिहिणारे वेगळे, चित्रं काढणारे वेगळे. या माणसाने शेवटी सगळं तपासायचं, आणि चूक किंवा दिशाभूल दिसली तर तो पाठ थांबवायचा. थांबवण्याचा अधिकार लेखी दिलेला होता. विक्री विभागाची कितीही घाई असली तरी. माझ्यासारखीला पगार देऊन 'नाही' म्हणायला ठेवणार होते, आणि तेही मराठीत. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की बाबांनी "म्हणजे आता तू कंपनीची" असं म्हटल्यावर मी नेहमीचा वाद घातला नाही.

मुलाखती झाल्या. दुसरी मुलाखत तर चांगलीच रंगली. मग कंपनीच्या एचआरमधल्या तरुणाचा मेल आला. निवड जवळपास नक्की आहे, मात्र ऑफर देण्याआधी दोन संदर्भ तपासले जातील. दोन व्यक्तींची नावं, हुद्दे, फोन, ईमेल द्या. त्यांतली एक व्यक्ती अशी हवी जिच्या हाताखाली तुम्ही प्रत्यक्ष काम केलं आहे.

पहिलं नाव सोपं होतं. माझे एम.ए.चे मार्गदर्शक, आता निवृत्त, सदाशिव पेठेत राहतात. ते निवृत्त असल्याने त्यांचा कॉलेजचा ईमेल बंद झालेला, म्हणून खासगी पत्ता चालेल का, हे मी एचआरला विचारून घेतलं. चालेल म्हणाले.

दुसरं नाव अवघड होतं. मी जिथे आधी काम केलं ती मुलांसाठी विज्ञानाच्या पुस्तिका काढणारी एक स्वयंसेवी संस्था. तिथे माझं काम पाहणाऱ्या ताई होत्या, आणि त्या ताईंशी माझं एकदा कडाक्याचं वाजलं होतं. पोषक आहारावरच्या पुस्तिकेत डब्याचं एक चित्र होतं. त्यात भाजी, पोळी, काकडी आणि शिवाय देणगीदार कंपनीचा बिस्किटाचा पुडा, वेष्टनासकट. मी शेवटच्या प्रुफावर सही करायला नकार दिला. इथवर ठीक. पण ताई देणगीदारांशी बोलून येईपर्यंत मला धीर धरवला नाही, आणि मी ऑफिसच्या सूचनाफलकावर एक पत्रक लावलं. 'हा डबा कोणाचा?' असं त्याचं शीर्षक होतं. पुडा चित्रातून गेला. ताईंनी मात्र मला बोलावून सांगितलं, की पुड्याबद्दल तुझं बरोबर आहे आणि पत्रकाबद्दल शंभर टक्के चूक, आणि या दोन्ही गोष्टी मी कोणी विचारलं तर अशाच सांगेन.

आता कोणीतरी विचारणार होतं.

नाव देऊ का, असा मेसेज मी दोघांनाही केला होता. सरांनी "द्यावे" असं उत्तर दिलं. ताईंचं "दे." मी नावं कळवली, आणि माझं काम संपलं असं धरून चालले.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तीन मुली भाड्याने राहतात. त्यांतली एक यवतमाळची, हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये आहे. लोकांचे संदर्भ तपासणं हेच तिचं रोजचं काम. कपडे वाळत घालता घालता मी तिला सहज सांगितलं, की पुढच्या आठवड्यात माझ्या दोघांना फोन जातील.

"त्यांना कळवलं ना?" तिने विचारलं.

"विचारूनच नावं दिली आहेत."

"ते झालं गं. पण फोन येणार आहे हे कळवलं का? कोण करणार, कोणत्या पोस्टसाठी?"

"ते कशाला? त्यांना विचारतील, ते जे खरं आहे ते सांगतील."

ती टॉवेल झटकायची थांबली. "मी रोज लोकांना फोन लावते. अर्धे म्हणतात, कोण? दुसरे म्हणतात, हो हो, चांगली मुलगी आहे. कशात चांगली, विचारलं की गप्प. त्यांची चूक नसते. मीटिंगमधून उठून आलेले असतात, समोरचं माणूस तीन वर्षांपूर्वीचं, आणि मी विचारते, 'टीमवर्क कसं होतं?' काय सांगतील?"

"म्हणजे मी त्यांना उत्तरं पढवायची?"

"काहून पढवशील? फोन येणार आहे एवढं सांगायचं."

मला ते पटलं नाही. दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींत गुंतल्या होत्या. वशिला या शब्दाविरुद्ध मी चौथीत असल्यापासून पत्रकं वाटली आहेत. ज्याने माझ्याबद्दल सांगायचं, त्याला आधी गाठून कशाबद्दल सांगायचंय ते सांगणं, यात मला त्याच वस्तूचा वास येत होता. तरी तिचं म्हणणं अगदीच उडवून लावता येईना. शेवटी मी एक मधला मार्ग काढला. कळवायचं, पण असं, की त्यात माझा तसूभरही फायदा नसेल.

मी मेल लिहिला. एकच, दोघांनाही. एकाच ओळीत दोघांचे पत्ते, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं. विषयाच्या जागी 'निवेदन' असं लिहिलं. कंपनीचं नाव मुद्दाम घातलं नाही, पदही नाही. कशासाठी विचारताहेत हे कळलं की माणूस नकळत त्याप्रमाणे बोलतो, असा माझा विचार. त्याऐवजी संदर्भ या प्रथेवर दोन परिच्छेद होते. सत्य हे कुणाच्याही सोयीचं नसतं, असं एक वाक्य होतं. शेवटी मी लिहिलं होतं, 'आपण कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या हिताचा विचार न करता, केवळ जे खरे आहे तेच सांगावे, ही नम्र परंतु आग्रहाची विनंती.'

पाठवून मला फार बरं वाटलं.

सरांचं उत्तर दुपारच्या चहाच्या आत आलं. एका ओळीचं. 'आपले पत्रक मिळाले. चौकात वाटावे की दारावर चिकटवावे, ते कळवावे.'

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'ता.क. मी एरवी खोटे बोलतो, हे आपल्याला कोणी सांगितले?'

ताईंचं उत्तर आलंच नाही.

सरांच्या ओळीवर मी हसले, पण ते हसू पुढच्या आठवड्यापर्यंतच टिकलं. मग एचआरचा मेल आला. पहिल्या संदर्भाशी संपर्क झाला, परंतु त्यांनी माहिती देण्यास नकार देऊन फोन बंद केला. दुसऱ्या संदर्भाचा फोन लागत नाही, मेलला उत्तर नाही. कृपया पर्यायी नावं द्यावीत किंवा आपल्या बाजूने प्रयत्न करावा. विभागप्रमुखांना हे या आठवड्यात संपवायचं आहे, यादीत दुसरे उमेदवारही आहेत.

मी तशीच चप्पल घालून सदाशिव पेठेत गेले. सर दारातच होते, कुंड्यांना पाणी घालत.

"या," ते म्हणाले. "निवेदन घेऊन आलात की मोर्चा मागून येतोय?"

"सर, तुम्हाला फोन आला होता?"

"कालपासून दोन आले. एक म्हणाला, माझं वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार. दुसरी बाई म्हणाली, तुमच्या विद्यार्थिनीबद्दल बोलायचंय. बाहेरगावचा नंबर. मी म्हटलं, विद्यार्थिनीला अपघात झालाय आणि मी ताबडतोब पैसे पाठवायचेत, असंच ना? ठेवा फोन."

"सर, ती कंपनीची होती."

"कुठल्या?"

मी नाव सांगितलं.

"हे मला कोणी कळवलं होतं?" त्यांनी झारी खाली ठेवली. "आपल्या पत्रात सत्यावर मजकूर होता. कंपनीचं नाव नव्हतं. आमच्या इमारतीत खालचे काका एका फोनवर फसले. तेव्हापासून अनोळखी माणसाने ओळखीचं नाव घेतलं की मी आधी फोन ठेवतो. नाव कुठून मिळालं असेल, काय सांगावं?"

मग त्यांनी विचारलं, की पद कसलं आहे. मी सांगितलं. त्यांनी मला आत बसवलं.

"आणि मी समजत होतो, आपण संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी कुठे अर्ज केला असेल. त्या बाईंचं पुरतं ऐकून घेतलं असतं तर मी आपल्या प्रबंधाबद्दल सांगत बसलो असतो. ओव्या, पाठभेद, संदर्भसूची. सगळं खरं. त्यांच्या काडीच्याही उपयोगाचं नाही."

चहा झाला. निघताना ते म्हणाले, "नीट कळवा. थोडक्यात. मला बाकीचं आठवतं."

घरी आले तेव्हा बाबा आणि समोरची शेजारीण आमच्या टेबलावर होते. ती आईकडे विरजण मागायला आलेली, आणि आईने तिला चहाला बसवलेलं. मी झालेलं सगळं सांगितलं. शेजारणीने मेल मागितला. मी फोन पुढे केला, तिने वाचला, ओठ घट्ट मिटून घेतले आणि फोन बाबांकडे सरकवला.

"हस," मी म्हटलं. "हसू दाबू नकोस."

"नाही हसत. फक्त एक सांग, दोघांना एकत्र का पाठवला? आता प्रत्येकाला वाटेल दुसरा बघेल. आणि सरांकडे तू जे केलं ते ताईंना माहीत नाही, ताईंना माहीत आहे ते सरांना नाही. दोघांना एकच कसं चालेल?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून मेल वाचला. त्यांची पत्रक वाचायची एक ठरलेली पद्धत आहे. छापखान्यात कोणी मजकूर घेऊन आला की ते आधी मथळा वाचत नसत, खालचा भाग वाचत. त्यांनी स्क्रीन वर सरकवत सरकवत तळ गाठला, मग परत वर गेले, मग परत खाली.

"मजकूर बरा आहे," ते म्हणाले. "सभा कुठे आहे?"

"कसली सभा?"

"कुठलीही. पत्रकात काय असतं खाली? कुठे, केव्हा, कशासाठी, कोणाला भेटायचं. तेवढं नसेल तर बाकीचं कितीही पेटतं लिहिलेलं असो, लोक घरी बसून राहतात. आम्ही एकदा असं छापलं होतं. फार जळजळीत. जागा लिहायची राहिली. सभेला मी, तुझी आई आणि माईकवाला."

आई आतून म्हणाली, "माईकवाला पण उशिरा आला होता."

मला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली, आणि ती वशिल्याबद्दल नव्हती. जागा आणि वेळ सांगणं म्हणजे लोकांनी सभेत काय बोलावं हे ठरवून देणं नव्हे. मी गेली कित्येक वर्षं पत्रकांच्या खाली जागा, वेळ, संपर्क असं लिहीत आले आणि ते कधी मला लांडीलबाडी वाटलं नाही. इथे मात्र मी खालचा भाग तत्त्व म्हणून कापून टाकला होता.

"पण 'खरं तेच सांगा' हे ठेवायचं," मी म्हटलं. भांडण्याचा स्वर आपोआप आला.

"सरांना तेच लागलं ना?" शेजारीण म्हणाली.

"सरांना नाही लिहिणार. ताईंना लिहिणार."

ती उठली. विरजणाची वाटी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.

त्या संध्याकाळी मी दोन वेगवेगळे मेल लिहिले. सरांचा छोटा होता. विषयाच्या जागी माझं नाव, पदाचं नाव आणि 'संदर्भासाठी फोन' एवढंच. आत कंपनीचं नाव, काम काय आहे ते तीन ओळींत, फोन करणाऱ्या बाईंचं नाव आणि ज्या पत्त्यावरून मेल येईल तो पत्ता, हे सगळं मी एचआरला विचारून घेतलं होतं. त्यांना सोयीची वेळ कोणती ते विचारलं, म्हणजे मी ती कंपनीला कळवू शकेन. सोबत कामाचं वर्णन आणि माझा बायोडेटा जोडला. एम.ए.च्या काळातल्या ज्या कामाचा या पदाशी संबंध होता, म्हणजे कॉलेजातल्या मराठी विभागाच्या अंकाचं संपादन, त्याची एका वाक्यात आठवण करून दिली.

ताईंचा मेल लिहायला वेळ लागला. शेजारीण एकेक ओळ वाचत होती, आणि दर दुसऱ्या ओळीला "हे पत्रक झालं" म्हणत होती. शेवटी जे उरलं ते असं होतं.

'ताई, आधीचा मेल कृपया बाजूला ठेवा. मी ज्या कंपनीत अर्ज केला आहे तिचं नाव, पद आणि कामाचं वर्णन सोबत जोडलं आहे. शाळेच्या पाठांची अखेरची तपासणी करणं आणि गरज पडल्यास ते थांबवणं, हे मुख्य काम. तुम्हाला त्यांच्या एचआरकडून मेल किंवा फोन येईल, पत्ता आणि नाव खाली दिलं आहे. प्रामुख्याने मी कामं वेळेत करायचे का, चुका कशा पकडायचे, आणि सोबतच्या लोकांशी माझं कसं जमायचं, हे विचारतील असं वाटतं. तुम्ही प्रवासात असाल तर सोयीची वेळ कळवा, मी त्यांना सांगते. आता हे तुम्हाला जमणार नसेल किंवा नको वाटत असेल, तर तसं मोकळेपणाने सांगा, मी दुसरं नाव देईन. डब्याच्या चित्राचा विषय निघाला तर तुम्ही तेव्हा म्हणाला होता तसंच सांगा.'

"हे शेवटचं काढ," शेजारीण म्हणाली. "कशाला आठवण करून देते?"

"त्या विसरल्या असतील असं वाटतं तुला?"

"नाही. पण मी असते तर काढलं असतं."

"मी नाही काढणार."

"बरं बाई," ती म्हणाली आणि वाटी उचलून उठली. "एवढ्या वेळात माझं दही लागलंसुद्धा असतं."

सरांचं उत्तर आलं, 'सकाळी अकरा ते बारा. कॉलनंतर कळवतो.' दुसऱ्या दिवशी कळवलंही. 'झाले. बाई शहाण्या वाटल्या. वीजबिलाचा विषय काढला नाही.'

ताईंचा फोन आला तो मी मंडईत असताना. त्या गावाकडच्या शाळांच्या फेरीवर होत्या, तिथे रेंज नव्हती, दुसरा मेल आजच पाहिला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"दोन्ही मेल वाचले," त्या म्हणाल्या. "पहिला वाचून वाटलं, हिने परत फलकावर काहीतरी लावलं. उत्तर द्यावं की नाही कळेना. कोणी विचारणार, कशासाठी विचारणार, काहीच नाही. म्हटलं, गावात पोचल्यावर बघू."

"आणि दुसरा?"

"दुसरा कामाचा होता. त्यांचा फोन येऊनही गेला. म्हणजे मी इथल्या हेडमास्तरांच्या खोलीतून त्यांना लावला."

मी भाजीवाल्याला हाताने थांब म्हटलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "डब्याचं विचारलं?"

"विचारलं. म्हणजे थेट नाही. मतभेद झाले तर ती कशी वागते, असं विचारलं. मी जे झालं ते सांगितलं. प्रुफावर सही केली नाही, ते बरोबर होतं. फलकावर पत्रक लावलं, ते चूक. मला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.

"तू आधी लिहिलं नसतं ना, की हे काम पाठ थांबवायचं आहे, तर मी यापुढे गेले नसते. भांडखोर आहे एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं असतं. पण ते वाचल्यावर मी त्यांना आणखी एक सांगितलं, की पुडा निघाल्यावर त्या पुस्तिकेचं दुसरं प्रूफ तू स्वतः रात्रभर बसून... नाही, रात्रभर नाही, दुपारभर बसून तपासलंस आणि मुद्रकाची तारीख चुकू दिली नाहीस. ते तू विसरली असशील."

मी खरंच विसरले होते. माझ्या आठवणीत ती गोष्ट पत्रकाशीच संपत होती.

"थांबवणारं माणूस हवंय ना तुम्हाला, असं विचारलं मी त्यांना," ताई म्हणाल्या. "मग थांबवल्यावर काम पुढे नेणारंही हवं. ती दोन्ही करते. फक्त तिच्यापासून फलक लांब ठेवा."

"असं म्हणालात?"

"म्हणाले. त्या हसल्या. चल, इथे मुलं वाट बघताहेत, चुंबक दाखवायचेत."

मेथीची जुडी घेऊन मी घरी चालत आले. ऑफर आलेली नव्हती. पण मला अगदी शांत वाटत होतं. माझ्या बाजूने कोणी खोटं बोललं नव्हतं, माझ्याविरुद्धही नाही, आणि कोणाला कशाबद्दल विचारलं जातंय हे दोघांनाही माहीत होतं. याहून जास्त मला मागायचंही नव्हतं.

ऑफर आठवडा संपायच्या आत आली. विभागप्रमुखांनी स्वतः फोन केला. आधी तारीख वगैरे ठरलं, मग त्या म्हणाल्या, "एक अट आहे. आमच्याकडे सूचनाफलक आहे, पण तो वाढदिवसांसाठी आहे."

"पाठ थांबवल्याचं कुठे लिहायचं?" मी विचारलं.

"माझ्या केबिनमध्ये. तोंडी. आणि मग लेखी. दार उघडं असतं."

मी हो म्हटलं, कारण ते मला मान्य होतं. दार बंद आढळलं तर काय करायचं, ते मी सध्या माझ्यापाशी ठेवलं आहे.

त्याच दिवशी दोघांनाही वेगवेगळे मेल पाठवले. निकाल काय लागला, कधीपासून जाणार, आणि त्यांनी वेळ दिला याबद्दल आभार. शेजारणीने बजावलं होतं, की फोनपर्यंत सगळे कळवतात, नंतर कोणी कळवत नाही, आणि संदर्भ देणारा बिचारा पुढे कितीतरी दिवस विचार करत बसतो, की आपण काही चुकीचं तर बोललो नाही ना. ताईंनी उत्तरादाखल त्या शाळेतला एक फोटो पाठवला, एक मुलगी चुंबकाला चिकटलेले खिळे हवेत धरून उभी.

सरांकडे मी पेढे घेऊन गेले. दार त्यांनीच उघडलं.

"साखर बंद आहे," पुड्याकडे बघत ते म्हणाले. "मेल पोचला होता. तेवढा पुरे."

"मग परत नेऊ?"

"दारात आलेलं परत नेत नाहीत. बसा." त्यांनी पुडा सोडला, एक पेढा उचलला, अर्धा केला आणि अर्धा मला दिला. "खालच्या काकांनाही द्या एक. आणि त्यांना सांगा, ती बाई खरी होती. मी त्यांना तिच्याबद्दल सावध करून ठेवलंय."

मी खाली गेले. काकांनी आधी दाराच्या साखळीतून माझं पूर्ण नाव विचारलं, मग कोणाकडून आले ते, मग पेढा कशाबद्दल ते. तिन्ही उत्तरं मिळाल्यावर साखळी काढली.

घरी आल्यावर मी तो पहिला मेल, 'निवेदन' विषयाचा, काढून टाकणार होते. बाबा म्हणाले, राहू दे. त्यांनी तो छापून घेतला आहे आणि त्यांच्या जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्यात ठेवला आहे, जागा नसलेल्या त्या सभेच्या पत्रकाला लागून.